प्रकल्प नोंदी: भागविक्रीचा भरणा बोलीच्या काळात टिपणारी वेळापत्रकबद्ध तपासणी

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

आमच्या गुंतवणूक अभ्यास गटात प्रत्येक आयपीओच्या वेळी एकच प्रश्न येतो: "किती पट झाला?" म्हणजे देऊ केलेल्या समभागांच्या किती पट समभागांसाठी बोली आली, भरणा किती झाला. त्याचे उत्तर म्हणून कुणी तरी एक आकडा पाठवतो. तो आकडा कोणत्या वेळेचा आहे, कोणत्या गटाचा आहे, त्यात एकाच शेअर बाजारातील बोली धरल्या आहेत की दोन्ही बाजारांतील, हे त्यासोबत कधीच येत नाही. हा प्रकल्प एवढ्याच उणिवेसाठी आहे. बोली सुरू असताना ठरलेल्या वेळी भरण्याचे आकडे वाचावेत, ते वेळेसह साठवावेत आणि सदस्यांना दिवसातून दोनदा, शेवटच्या दिवशी थोडे अधिक वेळा, स्पष्ट शब्दांत कळवावेत, असे त्याचे स्वरूप ठरले आहे.

आज पहिला निर्णय झाला तो काय साठवायचे याचा. 'पट' साठवायची नाही. प्रत्येक गटासाठी देऊ केलेले समभाग आणि बोली आलेले समभाग असे दोन पूर्णांक साठवायचे आणि पट लागेल तेव्हा त्यांवरून काढायची. पहिल्या दिवशी सकाळी एखाद्या गटाची पट ०.०१ किंवा ०.०२ दिसते आणि दोन दशांश स्थळांच्या या आकड्यावरून तासाभरात नेमकी किती भर पडली हे काढता येत नाही. दुसरे असे, की भाजक, म्हणजे देऊ केलेले समभाग, चुकीचा धरला गेला असेल तर नुसत्या पटीवरून ते कधीच उघडकीस येत नाही. समभागांची संख्या हाताशी असेल तर ती माहितीपत्रकाशी ताडून पाहता येते.

तूर्त फक्त मुख्य मंचावरील भागविक्री घ्यायची. लघु व मध्यम उद्योगांच्या मंचावरील विक्रीचे नियम वेगळे असल्याने ती बाजूला ठेवली आहे. ज्या संकेतस्थळाच्या अटींत स्वयंचलित वाचनाला मनाई आहे, तेथील आकडे गटातील एक सदस्य पाहून ठरावीक रकान्यांच्या फाइलमध्ये भरील आणि आमचा प्रोग्रॅम ती फाइल वाचील. त्यामुळे आकडा कोठूनही आला तरी पुढच्या तपासण्या सारख्याच लागू होतील.

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

आज वेळापत्रक तयार केले. बोलीचा काळ किमान तीन कामकाजाच्या दिवसांचा असतो आणि त्या दिवसांत सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत बोली नोंदवता येते. शेवटच्या दिवसाचे वेळापत्रक मात्र वेगळे असते. पात्र संस्थात्मक खरेदीदार म्हणजे क्यूआयबी आणि बिगर-संस्थात्मक म्हणजे एनआयआय यांच्या बोली दुपारी ४ वाजता थांबतात, तर किरकोळ गुंतवणूकदारांना ५ वाजेपर्यंत मुभा असते. यूपीआयवर आलेली मँडेटची, म्हणजे रक्कम रोखून ठेवण्याची, विनंती मंजूर करण्याची मुदतही त्याच दिवशी ५ वाजता संपते. म्हणून शेवटच्या दिवशी चारच्या आसपासचे वाचन चुकले, तर मोठ्या गुंतवणूकदारांच्या आकड्याचा सर्वांत बोलका भाग हातून जातो.

आमचा सर्व्हर यूटीसी वेळेवर चालतो आणि भारतीय प्रमाणवेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये तासांचा रकाना यूटीसीप्रमाणे लिहिला, तर सकाळचे १० म्हणजे ४:३० आणि सायंकाळचे ५ म्हणजे ११:३० होतात. या अर्ध्या तासामुळे '४ ते ११' असा साधा पट्टा लिहिला की पहिली तपासणी बोली सुरू होण्याआधी पडते आणि इतर वेळाही अर्ध्या तासाने सरकतात. त्यापेक्षा systemd च्या टायमरमध्ये वेळक्षेत्र थेट लिहिता येते, आणि सहा महिन्यांनी कुणीही तो वाचला तरी त्याला मनात वजाबाकी करावी लागत नाही.

```
[Timer]
OnCalendar=Mon..Fri *-*-* 10..19:00/10:00 Asia/Kolkata
RandomizedDelaySec=90
Persistent=false
```

टायमर दर दहा मिनिटांनी प्रोग्रॅमला उठवतो, परंतु वाचन करायचे की नाही हे प्रोग्रॅम स्वतः ठरवतो. कोणतीही भागविक्री सुरू नसेल तर तो लगेच थांबतो. पहिल्या दोन दिवशी तासातून एकदा वाचन पुरेसे आहे. शेवटच्या दिवशी दुपारी २ नंतर मात्र दर दहा मिनिटांनी. सायंकाळी ७ नंतरपर्यंत टायमर चालू ठेवण्याचे कारण असे, की ५ वाजता बोली थांबली तरी पानावरील एकत्रित आकडा त्यानंतरही काही काळ अद्ययावत होत राहतो. 'अंतिम' हा शब्द आम्ही पाचच्या आकड्याला लावणार नाही. सलग तीन वाचनांत आकडा आणि स्रोतावरची वेळ दोन्ही हलली नाहीत, तरच लावू.

Persistent जाणूनबुजून बंद ठेवले आहे. सर्व्हर बंद पडल्यामुळे एखादी तपासणी चुकली, तर ती नंतर भरून काढता येत नाही, कारण पान त्या क्षणाचा नव्हे तर आत्ताचा आकडा दाखवते. राहिलेली पोकळी पोकळी म्हणूनच दिसली पाहिजे. टायमरची ओळ आपल्याला वाटते तशीच वाचली जाते की नाही, हे खालील आज्ञेने तपासून घेतले.

```
systemd-analyze calendar "Mon..Fri *-*-* 10..19:00/10:00 Asia/Kolkata"
```

११ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

साठवणुकीचा तक्ता आणि तपासण्या आज पूर्ण झाल्या.

```sql
CREATE TABLE snap (
  symbol TEXT, category TEXT, source_time TEXT,
  offered INTEGER, bid INTEGER, fetched_at TEXT,
  PRIMARY KEY (symbol, category, source_time)
);
```

येथे दोन वेळा आहेत आणि त्यांतील फरकावर बरेच अवलंबून आहे. fetched_at ही आमच्या वाचनाची वेळ. source_time ही पानावर आकड्यासोबत छापलेली 'या वेळेपर्यंत' अशी वेळ. प्राथमिक कळ दुसऱ्या वेळेवर आहे. पान अर्धा तास अद्ययावत झालेच नाही, तर आमची तीन वाचने एकाच source_time वर पडतात आणि INSERT OR IGNORE मुळे नोंद एकच राहते. असे केले नसते तर आलेखावर सपाट रेषा दिसली असती आणि पाहणाऱ्याने 'अर्धा तास एकही बोली आली नाही' असा निष्कर्ष काढला असता, जो पूर्णपणे चुकीचा असतो. चाळीस मिनिटांहून अधिक काळ source_time पुढे सरकली नाही, तर सदस्यांना आकडा न पाठवता फक्त आम्हा चालवणाऱ्यांना इशारा जाईल. बाजाराच्या सुटीच्या दिवशी हा इशारा उगाच वाजू नये म्हणून सुट्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे.

भरण्याच्या तक्त्यात ओळी एकाखाली एक असल्या तरी त्या सगळ्या एका पातळीच्या नसतात. क्यूआयबीच्या ओळीखाली परदेशी संस्था, देशी वित्तसंस्था, म्युच्युअल फंड अशा पोटओळी येतात. एनआयआयखाली २ लाख ते १० लाख रुपयांच्या आणि १० लाखांवरील बोली वेगळ्या दाखवतात. किरकोळ गटाखाली 'कट-ऑफ', म्हणजे शेवटी ठरेल त्या, किमतीच्या आणि ठरावीक किमतीच्या बोली वेगळ्या येतात. सगळ्या ओळींची बेरीज केली तर प्रत्येक बोली दोनदा मोजली जाते. म्हणून फक्त मुख्य ओळी बेरजेत घ्यायच्या आणि ती बेरीज तक्त्याच्या शेवटच्या 'एकूण' ओळीशी जुळली तरच वाचन स्वीकारायचे. हाच विचार दोन बाजारांबाबत लागू आहे. एकाच भागविक्रीच्या बोली राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार या दोन्हींच्या यंत्रणांतून येतात. एखाद्या पानावर फक्त त्या बाजाराच्या बोली असतात, तर एखाद्यावर दोन्हींची बेरीज. दोन एकत्रित तक्ते पुन्हा एकमेकांत मिळवले तर आकडा दुप्पट होतो आणि तरीही तो पाहणाऱ्याला अशक्य वाटत नाही, हेच त्यातले घातक आहे.

तिसरी तपासणी मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती बाजाराच्या नियमांतूनच आपोआप मिळते. किरकोळ गुंतवणूकदार बोली बंद होईपर्यंत आपला अर्ज बदलू किंवा मागे घेऊ शकतो, त्यामुळे किरकोळ गटाचा एकूण आकडा एका वाचनातून पुढच्या वाचनात किंचित कमी झाला तर ते नियमात बसते. क्यूआयबी आणि एनआयआय यांना मात्र बोली मागे घेण्याची किंवा कमी करण्याची मुभा कोणत्याही टप्प्यावर नाही. या दोन ओळींत आकडा घटलेला दिसला, तर प्रथम आपल्या वाचनावर संशय घ्यायचा: रकाना सरकला असेल, दुसऱ्या भागविक्रीचे पान उघडले असेल, किंवा एकत्रित तक्त्याऐवजी एकाच बाजाराचा तक्ता हाती आला असेल.

```sql
SELECT category, source_time, bid - prev AS diff FROM (
  SELECT category, source_time, bid,
         LAG(bid) OVER (PARTITION BY category
                        ORDER BY source_time) AS prev
  FROM snap WHERE symbol = 'HYUNDAI')
WHERE category IN ('QIB','NII') AND bid < prev;
```

या प्रश्नाला उत्तर म्हणून एकही ओळ येता कामा नये. आली तर संदेश पाठवणे थांबते.

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

उद्यापासून ह्युंदाई मोटर इंडियाची भागविक्री सुरू होत आहे आणि आमची तपासणी प्रथमच तिच्यावर चालेल. सुमारे २७,८७० कोटी रुपयांची ही विक्री देशातील आजवरची सर्वांत मोठी आहे. २०२२ मधील एलआयसीची विक्री आता दुसऱ्या क्रमांकावर जाईल. किंमतपट्टा १,८६५ ते १,९६० रुपये असून लॉट, म्हणजे अर्जाचा किमान गठ्ठा, ७ समभागांचा आहे, म्हणजे वरच्या किमतीला एका लॉटसाठी १३,७२० रुपये अडकतात. तळेगावचा कारखाना या कंपनीने घेतल्यापासून गटातील पुण्याकडच्या सदस्यांचे तिच्याकडे लक्ष आहेच.

आज भाजक निश्चित केला आणि त्यावर मुद्दाम वेळ घालवला. संपूर्ण विक्री १४,२१,९४,७०० समभागांची आहे आणि ती सगळी प्रवर्तक कंपनीकडील समभागांची विक्री आहे. नवे समभाग नाहीत. परंतु उद्या तक्त्यावर देऊ केलेले समभाग म्हणून हा आकडा दिसणार नाही. बोली उघडण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आजच, सुकाणू म्हणजे अँकर गुंतवणूकदारांना त्यांचे समभाग दिले जातात आणि ते क्यूआयबीच्या वाट्यातून जातात. येथे ४,२४,२४,८९० समभाग १,९६० रुपयांनी त्यांना गेले, म्हणजे सुमारे ८,३१५ कोटी रुपये. उरलेले ९,९७,६९,८१० समभाग हाच उद्यापासूनचा भाजक आहे.

त्याची विभागणी अशी आहे: क्यूआयबीसाठी २,८२,८३,२६०, एनआयआयसाठी २,१२,१२,४४५, किरकोळसाठी ४,९४,९५,७०५ आणि कर्मचाऱ्यांसाठी ७,७८,४००. या चारांची बेरीज ९,९७,६९,८१० येते. ती हाताने करून पाहिली आणि मगच offered या रकान्यात हे आकडे अपेक्षित मूल्य म्हणून भरले. पानावरून वाचलेला देऊ केलेला आकडा यांपैकी एकापेक्षाही वेगळा निघाला, तर वाचन नाकारले जाईल.

या विभागणीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर्मचाऱ्यांचा वाटा बाजूला काढला तर मूळ विक्रीत क्यूआयबीचा वाटा निम्मा, किरकोळचा ३५ टक्के आणि एनआयआयचा १५ टक्के असतो. सुकाणू गुंतवणूकदारांचा भाग काढून घेतल्यावर बोलीसाठी उरलेल्या समभागांत मात्र किरकोळ गट जवळपास निम्मा होतो आणि क्यूआयबी २८ टक्क्यांवर येतो. म्हणजे एकूण पटीवर सर्वाधिक वजन किरकोळ गटाचे असते. एकूण पट वाचताना हे वजन मनात असले पाहिजे.

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार (बोलीचा पहिला दिवस)

यंत्रणा सकाळपासून नीट चालली. दिवसअखेर एकूण भरणा ०.१८ पट. गटवार पाहता किरकोळ ०.२६, एनआयआय ०.१३, क्यूआयबी ०.०५ आणि कर्मचारी ०.८०.

सायंकाळी संदेश गेल्यावर गटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी, जे बँकेतून निवृत्त झाले आहेत, फोन करून विचारले, "अहो, अठरा टक्केच? मग हा इश्यू पडला म्हणायचा का?" त्यांना मी सांगितले, की पहिल्या दिवसाच्या क्यूआयबीच्या आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही. संस्थांची बोली मागे घेता येत नाही आणि बोलीची पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात अडकते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी करता येणारी गोष्ट पहिल्या दिवशी करण्यात त्यांना काहीच लाभ नसतो. उलट दोन दिवसांत बाजार फिरला तर त्यांचे हात बांधलेले राहतात. यावर ते म्हणाले, "मग संदेशातच तसे लिहा ना, आम्हाला कसे कळणार?" त्यांचे म्हणणे रास्त होते. पहिल्या दोन दिवसांच्या संदेशात एकूण पट शेवटी आणि किरकोळची पट आधी, असा क्रम आजच बदलला आणि क्यूआयबीच्या ओळीपुढे 'सहसा शेवटच्या दिवशी येतात' हे शब्द जोडले.

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार (दुसरा दिवस)

दिवसअखेर एकूण ०.४२ पट, किरकोळ ०.३८, एनआयआय ०.२६, क्यूआयबी ०.५८, कर्मचारी १.३१.

एकूण आकडा दुपटीहून अधिक झाला, पण तो कोणामुळे वाढला हे गटवार नोंदीशिवाय कळले नसते. किरकोळ गटात दिवसभरात ०.१२ पटीची भर पडली, म्हणजे पहिल्या दिवसाच्या निम्म्याहूनही कमी. त्याच वेळी क्यूआयबीचा आकडा ०.०५ वरून ०.५८ वर गेला. किरकोळ गुंतवणूकदारांचा वेग दुसऱ्या दिवशी मंदावणे हे येथे मला अधिक बोलके वाटते, कारण या गटातील लोक सहसा शेवटच्या तासापर्यंत थांबतातच असे नाही. ज्यांचे ठरलेले असते ते पहिल्या-दुसऱ्या दिवशी अर्ज करून मोकळे होतात.

दुपारी एका स्रोतावरील source_time बराच वेळ हलली नाही आणि ठरल्याप्रमाणे सदस्यांना संदेश न जाता आम्हाला इशारा आला. दुसऱ्या स्रोतावरून पाहिले तेव्हा आकडा पुढे गेलेला होता. दोन स्रोतांतील आकडे मिसळायचे नाहीत, कारण त्यांच्या वेळा वेगळ्या असतात. म्हणून थांबलेला स्रोत पुन्हा चालू होईपर्यंत तेवढा काळ रिकामा सोडला.

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार (शेवटचा दिवस)

दुपारी २ पासून दहा मिनिटांची तपासणी सुरू केली. सायंकाळी आकडा स्थिरावल्यावर नोंदलेले चित्र असे: एकूण बोली २३,६३,२६,९३७ समभागांसाठी, म्हणजे २.३७ पट. क्यूआयबी ६.९७, एनआयआय ०.६०, किरकोळ ०.५०, कर्मचारी १.७४.

आज सदस्यांना गेलेल्या शेवटच्या संदेशाचे पहिले वाक्य 'किरकोळ वाटा निम्माच भरला' असे होते आणि २.३७ हा आकडा त्यानंतर आला. हा क्रम मला योग्य वाटतो, कारण आमच्या गटातील जवळपास सर्वांनी किरकोळ गटातच अर्ज केले होते.

१८ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

आज कालच्या आकड्यांचे गणित सविस्तर मांडले, जेणेकरून पुढे कुणी विचारले तर हेच पान दाखवता येईल.

एकूण पट ही गटवार पटींची वजनदार सरासरी असते आणि वजन म्हणजे त्या गटाचा भाजकातील वाटा. क्यूआयबीचा वाटा २८.३ टक्के आणि पट ६.९७, म्हणून एकूण पटीत त्याचे योगदान सुमारे १.९८. किरकोळचा वाटा ४९.६ टक्के आणि पट ०.५०, योगदान सुमारे ०.२५. एनआयआयचे २१.३ टक्के गुणिले ०.६०, म्हणजे सुमारे ०.१३. कर्मचाऱ्यांचे योगदान ०.०१ च्या आसपास. ही बेरीज २.३७ येते. २.३७ मधील १.९८ एका गटाकडून आले आणि तेही बहुतांशी एका दिवसात, हे या मांडणीत उघड दिसते.

भाजकाची तपासणी का लागते हेही याच आकड्यांवर दाखवता येते. सुकाणू गुंतवणूकदारांचा भाग न वगळता १४,२१,९४,७०० ने भागले तर पट १.६६ येते. १.६६ हा आकडा दिसायला अजिबात विचित्र नाही. म्हणूनच तो चुकीचा आहे हे नजरेने कळत नाही आणि माहितीपत्रकाशी ताडणारी तपासणीच तो पकडते.

एका सदस्याने विचारले, की किरकोळ वाटा ०.५० आणि एनआयआय ०.६० असताना विक्री यशस्वी कशी. क्यूआयबी सोडून इतर गटांत न भरलेले समभाग, अशा विक्रीत, जास्त मागणी असलेल्या गटाकडे वळवता येतात आणि येथे क्यूआयबीची मागणी त्यासाठी पुरेशी होती. किरकोळ अर्जदारांच्या दृष्टीने अर्थ असा, की वैध अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला मागितले तेवढे समभाग मिळतील. सोडतीचा प्रश्नच नाही. ज्यांनी 'लागला तर लागला' म्हणून अधिक लॉटसाठी अर्ज केला, त्यांना ते सगळे लॉट मिळणार आहेत आणि तेवढी रक्कम खात्यातून जाणार आहे. किरकोळ गटाची पट एकच्या खाली आहे हे बंद होण्याआधी कळण्याचा खरा उपयोग येथे आहे, कारण ५ वाजेपर्यंत तो गुंतवणूकदार अर्ज कमी करू किंवा मागे घेऊ शकत होता. म्हणून पुढच्या वेळी शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला एक स्वतंत्र संदेश जाईल: किरकोळ पट एकच्या खाली असेल तर 'मागितलेले सर्व समभाग मिळण्याची शक्यता धरूनच रक्कम ठरवा' एवढेच त्यात असेल. त्या वेळी किरकोळ पट ०.९ आणि १.१ यांच्या दरम्यान असेल तर हा संदेश पाठवायचा नाही, कारण उरलेल्या दीड तासात चित्र पालटू शकते.

२४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

२१ ते २३ ऑक्टोबर या काळात मुंबईच्या वारी एनर्जीजची भागविक्री झाली आणि तिच्यावर तपासणी दुसऱ्यांदा चालली. येथे चित्र नेमके उलटे होते: एकूण भरणा ७६ पटींच्या वर आणि सर्व गट मिळून ९७ लाखांहून अधिक अर्ज. आमच्या तक्त्यात अर्जांची संख्या साठवण्याची सोय नव्हती, ती आज केली, कारण मागणी मोठी असताना समभागांची पट किरकोळ गुंतवणूकदाराला पुरेसे उत्तर देत नाही.

कारण सोडतीच्या पद्धतीत आहे. किरकोळ वाट्यातील समभागांना लॉटच्या आकाराने भागले की किती जणांना प्रत्येकी एक लॉट देता येईल हे मिळते. वारीत किरकोळसाठी सुमारे ९९ लाख समभाग होते आणि लॉट ९ चा, म्हणजे सुमारे ११ लाख जणांना समभाग मिळू शकतात. वैध किरकोळ अर्ज यापेक्षा अधिक असतील तर सोडत निघते आणि प्रत्येक विजेत्याला एकच लॉट मिळतो, मग त्याने एक लॉट मागितला असो की तेरा. त्यामुळे संधी काढायची तर ११ लाखांना किरकोळ अर्जांच्या संख्येने भागावे लागते. समभागांच्या पटीने नव्हे. काही जण अनेक लॉट मागतात, म्हणून समभागांची पट ही अर्जांच्या पटीपेक्षा नेहमी मोठी असते आणि तिच्यावरून काढलेली संधी प्रत्यक्षाहून कमी दिसते. वर दिलेले ९७ लाख अर्ज सर्व गटांचे आहेत, म्हणून तोही आकडा येथे भाजक म्हणून चालणार नाही. किरकोळ ओळीतीलच अर्ज घ्यावे लागतात. २ लाखांवरील एनआयआय गटातही एप्रिल २०२२ पासून सोडतीचीच पद्धत आहे, म्हणून त्याच्या दोन्ही पोटगटांसाठी हेच गणित वेगवेगळे करावे लागेल.

या आकड्यांना एक मर्यादा आहे आणि ती संदेशातही लिहिली जाईल. बोलीच्या काळात दिसणारी अर्जसंख्या छाननीपूर्वीची असते. एकाच पॅनवर केलेले एकाहून अधिक अर्ज, डीमॅट खात्याशी न जुळणारे तपशील आणि मुदतीत मंजूर न झालेली मँडेट यांमुळे नंतर अर्ज बाद होतात, म्हणून प्रत्यक्ष संधी आमच्या आकड्यापेक्षा थोडी अधिक निघते. किती अधिक, हे वाटपाचा आधार जाहीर झाल्यावरच कळते. apps हा रकाना तक्त्यात जोडला असून, वाटपानंतर वैध अर्जांची संख्या हाताने भरण्यासाठी apps_valid हा दुसरा रकाना ठेवला आहे. दर भागविक्रीनंतर तो भरण्याचे काम गटातील त्याच ज्येष्ठ सदस्यांनी मागून घेतले आहे.